व्यावसायिक ग्राहकांचे प्रीपेड वॉलेट: ऑर्डरची कपात, भरणा आणि ताळमेळ यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्राहक कंपनी आधी पैसे भरते, तिच्या प्रत्येक ऑर्डरची रक्कम त्या शिलकेतून वजा होते आणि शिल्लक खाली आली की ती पुन्हा भरणा करते. अशी व्यवस्था चालवणाऱ्या लेखा विभागातील सहकाऱ्यांकडून आणि तिची प्रणाली बांधणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणांतील आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. ते कोणत्याही चलनाला लागू पडतील.

ग्राहकाने वॉलेटमध्ये पैसे भरले म्हणजे आपले उत्पन्न झाले का?

नाही. भरणा झाला त्या क्षणी आपण काहीही विकलेले नसते. आपण फक्त ग्राहकाचे देणे लागतो. त्यामुळे भरण्याची नोंद करताना बँक खाते नावे आणि ग्राहकाचे वॉलेट खाते जमा होते, आणि हे वॉलेट खाते ताळेबंदात देयतेच्या बाजूला बसते. ऑर्डर पूर्ण झाली की वॉलेट खाते नावे आणि विक्री खाते जमा होते, म्हणजे देणे कमी होते आणि उत्पन्न तेव्हाच दिसते. आयएफआरएस 15 या लेखा मानकानेही अशा आगाऊ रकमेला करारातून आलेली देयताच मानले आहे. कर मात्र भरण्याच्या वेळी लागतो की पुरवठ्याच्या वेळी, हे ज्या त्या देशाचा कायदा ठरवतो, म्हणून त्याचा निर्णय कर सल्लागाराला विचारूनच घ्यावा.

शिल्लक एका रकान्यात साठवावी की दर वेळी नोंदींवरून काढावी?

खरी शिल्लक म्हणजे खातेवहीतील सर्व नोंदींची बेरीज. रकान्यात ठेवलेला आकडा हा त्या बेरजेचा सोयीसाठी केलेला उतारा समजावा. वेगासाठी तो जरूर ठेवावा, परंतु तो ज्या व्यवहाराने बदलतो त्याच डेटाबेस व्यवहारात खातेवहीची नोंदही झाली पाहिजे. दोन्ही गोष्टी एकत्र होतील किंवा दोन्ही होणार नाहीत, अशी ती बांधणी असावी. रोज रात्री नोंदींची बेरीज करून ती रकान्याशी पडताळावी, आणि दोहोंत फरक निघाला तर नोंदी खऱ्या मानाव्यात.

यातूनच दुसरा नियम येतो, आणि त्याबाबत मी आग्रही आहे: एकदा झालेली नोंद कोणीही पुसू नये किंवा बदलू नये. चूक झाली असेल तर उलट नोंद घालावी आणि तिच्यावर मूळ नोंदीचा क्रमांक लिहावा. ग्राहकाच्या लेखा विभागाने तीन महिन्यांपूर्वीचे विवरण छापून ठेवलेले असते. आपण जुनी नोंद दुरुस्त केली तर त्यांच्या हातातील कागद आणि आपला पडदा यांचे आकडे जुळत नाहीत, आणि त्या वादात आपल्याकडे पुरावा उरत नाही.

ऑर्डर आल्याबरोबर रक्कम कापावी की आधी राखून ठेवावी?

ऑर्डरची अंतिम रक्कम त्याच क्षणी पक्की असेल तर सरळ कापावी. व्यावसायिक ऑर्डरमध्ये मात्र असे क्वचितच घडते, कारण काही माल संपलेला असतो, काही नगांचे वजन नंतर ठरते किंवा वाहतूक खर्च शेवटी लागतो. अशा वेळी आधी रक्कम राखून ठेवावी आणि माल निघताना प्रत्यक्ष रक्कम कापावी.

समजा, वॉलेटमध्ये 50,000 आहेत आणि 18,000 ची ऑर्डर आली. आपण 18,000 राखून ठेवतो. आता खात्यातील शिल्लक 50,000 च आहे, पण वापरता येणारी शिल्लक 32,000 झाली. माल निघताना एक वस्तू कमी भरली आणि बीजक 16,400 चे झाले. त्या वेळी 16,400 कापले जातात, उरलेले 1,600 मोकळे होतात आणि दोन्ही शिलका 33,600 वर येऊन एकमेकींना मिळतात. राखीव रकमेची लेखापुस्तकात नोंद होत नाही, कारण तोपर्यंत देणे कमी झालेले नसते. ती केवळ वॉलेट प्रणालीतील अडवणूक असते. ग्राहकाला हे दोन्ही आकडे वेगवेगळे दाखवले नाहीत तर “पैसे असूनही ऑर्डर का नाकारली” अशी तक्रार हमखास येते.

राखीव रकमेला मुदत हवी. रद्द झालेल्या ऑर्डरची राखीव रक्कम सोडायची राहून गेली, तर ग्राहकाची वापरता येणारी शिल्लक हळूहळू आटत जाते आणि लेखापुस्तकात त्याचा मागमूसही दिसत नाही.

एकाच क्षणी दोन ऑर्डर आल्या तर शिल्लक उणे होऊ शकते का?

प्रणाली निष्काळजीपणे लिहिली असेल तर नक्कीच होऊ शकते. व्यावसायिक ग्राहकाच्या एकाच वॉलेटवर अनेक कर्मचारी किंवा शाखा ऑर्डर देत असल्याने हा प्रसंग वैयक्तिक ग्राहकापेक्षा येथे जास्त वेळा येतो. शिल्लक 20,000 असताना एका शाखेने 12,000 ची आणि दुसरीने 15,000 ची ऑर्डर एकाच क्षणी दिली, तर दोन्ही विनंत्या आधी शिल्लक वाचतात, दोघींनाही 20,000 दिसतात आणि दोन्ही मंजूर होतात. वाचणे आणि वजा करणे या दोन पायऱ्यांमधील फट हे याचे कारण आहे. ती फट बुजवण्यासाठी तपासणी आणि वजाबाकी एकाच आज्ञेत करावी:

```sql
UPDATE wallet
SET available = available - 12000
WHERE id = 4071 AND available >= 12000;
```

या आज्ञेने एक ओळ बदलली तर ऑर्डर मंजूर होते आणि शून्य ओळी बदलल्या तर शिल्लक अपुरी असल्याचे कळवायचे. रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात, पूर्णांकात ठेवावी; दशांश अपूर्णांकांच्या अंदाजी प्रकारात ठेवली तर लहान लहान फरक साचत जातात.

बँकेतून थेट आलेला भरणा कोणत्या ग्राहकाचा आहे, हे कसे ओळखावे?

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे प्रत्येक ग्राहकाला बँकेकडून वेगळा आभासी खाते क्रमांक घेऊन देणे. सर्व पैसे आपल्या एकाच मूळ खात्यात येतात, परंतु कोणत्या क्रमांकावर आले ते बँक कळवते, त्यामुळे ग्राहकाने काहीही लिहिले नाही तरी ओळख पटते.

ही सोय नसेल तर प्रत्येक ग्राहकाला किंवा प्रत्येक भरण्याला एक संदर्भ क्रमांक द्यावा आणि त्यात तपासणी अंक असावेत. आयएसओ 11649 या मानकातील संदर्भ `RF` या अक्षरांनी सुरू होतो, त्यानंतर दोन तपासणी अंक आणि पुढे जास्तीत जास्त 21 अक्षरे किंवा अंक असतात. तपासणी अंक 97 ने भागाकार करून काढलेले असल्याने टाइप करताना एखादे अक्षर चुकले तर संदर्भ अवैध ठरतो आणि रक्कम भलत्याच ग्राहकाच्या खात्यात जाण्याऐवजी माणसाच्या नजरेखाली येते.

हे संदर्भ बँकेच्या पत्रकात पूर्ण उतरतात की नाही, हे सुरुवातीलाच तपासावे. जुन्या `MT940` प्रकारच्या पत्रकात तपशिलाची जागा मर्यादित असते, तर `camt.053` या दिवसअखेरच्या पत्रकात संदर्भासाठी स्वतंत्र रकाने असतात. दिवसभरात येणाऱ्या रकमांची सूचना `camt.054` मधून मिळते. तिच्यावरून वॉलेट लवकर भरता येते, पण अंतिम ताळमेळ दिवसअखेरच्या पत्रकावरच करावा.

संदर्भ नसलेली रक्कम आली तर नाव आणि आकडा पाहून जमा करावी का?

करू नये. असे एकदा मीच केले आहे. एका कंपनीच्या दोन शाखांची आमच्याकडे दोन वॉलेट होती आणि एके दिवशी त्या कंपनीकडून संदर्भ नसलेले 50,000 आले. एका शाखेने दोन दिवसांपूर्वी नेमका तेवढाच भरणा करणार असल्याचे कळवले होते, म्हणून मी ती रक्कम तिच्या वॉलेटला जमा केली. पैसे दुसऱ्या शाखेचे होते. पहिल्या शाखेने ते दोन ऑर्डरमध्ये वापरून टाकले, दुसऱ्या शाखेची तातडीची ऑर्डर अपुऱ्या शिलकेमुळे अडली, आणि ज्या गोष्टीला एक दूरध्वनी पुरला असता तिच्यासाठी तीन विभागांना उलट नोंदींचा हिशेब समजावून द्यावा लागला.

तेव्हापासून माझा नियम सोपा आहे. ओळख न पटलेली रक्कम बँक खाते नावे आणि उचंत खाते जमा अशी त्याच दिवशी नोंदवायची, पाठवणाऱ्याकडून लेखी खात्री घ्यायची आणि मगच उचंत खाते नावे, वॉलेट खाते जमा अशी ती हलवायची. उचंत खात्यातील प्रत्येक रकमेचे वय रोज पाहावे. त्या खात्याची एकूण शिल्लक लहान दिसत असली तरी तिच्या आत चाळीस दिवसांची एखादी रक्कम दडलेली असू शकते.

ग्राहकाने 1,00,000 पाठवले, पण बँकेत 99,750 आले. वॉलेटमध्ये किती जमा करावे?

वाटेतील बँकांनी शुल्क कापले असावे. ते कोणी सोसायचे हे करारात आधीच लिहिलेले असावे. ग्राहकाने सोसायचे असेल तर 99,750 जमा करावेत. आपण सोसायचे असेल तर 1,00,000 जमा करावेत आणि 250 बँक शुल्क म्हणून खर्ची टाकावेत. या दोन्ही पद्धती योग्य आहेत. प्रत्येक वेळी वेगळा निर्णय घेणे मात्र योग्य नाही.

पेमेंट गेटवेकडून आलेली एकत्रित रक्कम आणि वॉलेटमधील भरणे जुळतच नाहीत. ती कशी जुळवावीत?

ती थेट जुळणार नाहीतच, कारण गेटवे अनेक भरणे एकत्र करून, त्यातून स्वतःचे शुल्क आणि दिलेले परतावे वजा करून, एक किंवा अधिक दिवसांनी एकच रक्कम पाठवतो. म्हणून मध्ये “गेटवेकडून येणे” असे एक खाते ठेवावे लागते.

एक दिवस पूर्ण सोडवून पाहू. तीन ग्राहकांनी गेटवेद्वारे 40,000, 25,000 आणि 35,000 भरले. प्रत्येक भरण्याची खात्री मिळताच गेटवेकडून येणे नावे आणि त्या ग्राहकाचे वॉलेट जमा अशी नोंद होते, म्हणजे येणे 1,00,000 झाले. त्याच दिवशी एका चौथ्या ग्राहकाने वॉलेटमधील 5,000 परत मागितले आणि ते गेटवेमार्फत दिले. तेव्हा वॉलेट नावे आणि गेटवेकडून येणे जमा अशी नोंद झाली व येणे 95,000 उरले. गेटवेचे शुल्क भरण्यांच्या 2 टक्के, म्हणजे 2,000 आहे. दोन दिवसांनी बँकेत 93,000 आले. आता बँक 93,000 नावे, गेटवे शुल्क 2,000 नावे आणि गेटवेकडून येणे 95,000 जमा अशी नोंद केली की मधले खाते शून्यावर येते.

हे खाते शून्यावर येणे हीच येथील खरी कसोटी आहे. बँकेतील एका ओळीशी वॉलेटमधील एक ओळ लावण्याचा प्रयत्न येथे व्यर्थ जातो. गेटवेच्या समायोजन अहवालातील प्रत्येक व्यवहार क्रमांक मधल्या खात्यातील नोंदीशी लावावा आणि अहवालाची निव्वळ बेरीज बँकेतील ओळीशी लावावी.

एकच भरणा दोनदा जमा झाला, हे कशामुळे घडते आणि कसे कळते?

गेटवे भरण्याची खात्री देणारा संदेश आपल्या सर्व्हरला पाठवतो आणि पोच मिळण्याची वाट पाहतो. आपली पोच उशिरा गेली तर संदेश पोहोचला नाही असे समजून तो पुन्हा पाठवतो. हे त्याचे योग्य वागणे आहे. दुसरा संदेश नवा भरणा समजणे ही आपली चूक असते.

वरच्या उदाहरणात 40,000 चा संदेश दोनदा नोंदला गेला असता, तर येणे 1,00,000 ऐवजी 1,40,000 दिसले असते. समायोजनानंतर ते शून्यावर न येता नेमके 40,000 वर थांबले असते. उरलेला आकडा एखाद्या भरण्याएवढाच असेल तर दुहेरी नोंदीचा संशय सर्वांत आधी घ्यावा. अडचण अशी की हे दोन दिवसांनी कळते, आणि तोपर्यंत ग्राहकाने ते 40,000 खर्चही केलेले असू शकतात. म्हणून दुहेरी नोंद दारातच अडवली पाहिजे:

```sql
CREATE UNIQUE INDEX topup_once
ON topup (source, external_id);
```

`external_id` मध्ये गेटवेचा किंवा बँकेचा व्यवहार क्रमांक ठेवावा, आपण संदेश आल्यावर तयार केलेला क्रमांक नव्हे, कारण आपला क्रमांक दर संदेशाला वेगळा निघतो आणि मग निर्बंधाचा उपयोगच राहत नाही. दुसऱ्या संदेशालाही “मिळाला” अशीच पोच द्यावी, म्हणजे तो तिसऱ्यांदा येणार नाही.

ताळमेळ म्हणजे नेमके काय कशाशी जुळवायचे? बँकेतील शिल्लक आणि सर्व वॉलेटची बेरीज सारखी यायला हवी ना?

हा सर्वांत जास्त आढळणारा गैरसमज आहे. बँक खात्यात ऑर्डरमधून मिळवलेले उत्पन्न, इतर व्यवहार आणि आपले खर्चही असतात, त्यामुळे ते दोन आकडे सारखे असण्याचे कारण नाही. ग्राहकांचे पैसे वेगळ्या बँक खात्यात ठेवण्याचे बंधन किंवा धोरण असेल, तरीही वाटेत असलेल्या रकमा हिशेबात घेतल्यावरच तुलना करता येते.

प्रत्यक्षात तीन जोड्या जुळवायच्या असतात. पहिली, सर्व वॉलेटच्या शिलकांची बेरीज आणि मुख्य खातेवहीतील ग्राहक आगाऊ रकमेचे नियंत्रण खाते. या जोडीत एका एककाचाही फरक खपवून घेऊ नये, कारण दोन्ही आकडे आपल्याच घरातले आहेत. दुसरी, गेटवेकडून येणे असलेली शिल्लक आणि गेटवेच्या अहवालातील अजून न पाठवलेले व्यवहार. तिसरी, आपल्या पुस्तकातील बँक खाते आणि बँकेचे पत्रक. फरक यांपैकी कोणत्या जोडीत आहे हे कळले की शोधाचे अर्धे काम संपते.

फरक निघाला तर शोध कुठून सुरू करावा?

आधी आकड्याकडे नीट पाहावे. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल तर हाताने भरताना अंकांची अदलाबदल झाली असण्याची दाट शक्यता असते: 85,000 चा भरणा 58,000 लिहिला गेला तर फरक 27,000 येतो. फरकाच्या निम्म्या रकमेची एखादी नोंद सापडली तर ती नावेऐवजी जमा बाजूला पडली असावी, कारण उलट्या बाजूला गेलेली रक्कम दुप्पट फरक दाखवते. या दोन्ही केवळ खुणा आहेत. खात्री मूळ कागदावरूनच करावी.

त्यानंतर फरक प्रथम कोणत्या दिवशी आला ते शोधावे. रोज ताळमेळ घेणाऱ्याला एका दिवसाच्या नोंदी पाहाव्या लागतात, महिन्यातून एकदा घेणाऱ्याला सगळ्या महिन्याच्या, आणि त्यात दोन चुकांनी एकमेकींना झाकलेले असण्याचीही शक्यता असते.

मध्यरात्रीच्या आसपासचे भरणे नेहमी फरक दाखवतात. ती चूक आहे का?

बहुतेक वेळा नाही. रात्री 11:55 वाजता झालेला भरणा आपल्या पुस्तकात आजचा आणि गेटवेच्या अहवालात उद्याचा असू शकतो, विशेषतः त्याचे घड्याळ दुसऱ्या प्रमाणवेळेवर चालत असेल तर. अशा रकमा “वाटेतील” म्हणून वेगळ्या दाखवाव्यात आणि पुढच्या दिवशी त्या आपोआप सुटल्या का ते पाहावे. दुसऱ्या समायोजनानंतरही टिकून राहिलेली रक्कम वेळेच्या फरकाची नसते. तिचा स्वतंत्र शोध घ्यावा.

कार्डाने केलेला भरणा ग्राहकाने वापरला आणि नंतर बँकेकडे वाद उपस्थित करून परत घेतला, तर काय करावे?

ती रक्कम वॉलेटमधून कमी करावीच लागते, मग शिल्लक उणे झाली तरी चालेल. काही प्रणाली शिल्लक शून्याखाली जाऊच देत नाहीत आणि मग हा व्यवहार नोंदवताच येत नाही. पैसे गेलेले असतात, पण पुस्तकात ते आहेत असेच दिसत राहते. शून्याखाली जाण्याची बंदी ऑर्डरला असावी, दुरुस्तीच्या आणि परताव्याच्या नोंदींना नसावी. उणे शिल्लक असलेले वॉलेट देयतेत वजा करून न दाखवता ग्राहकाकडून येणे म्हणून वेगळे दाखवावे, नाहीतर दुसऱ्या ग्राहकांचे देणे कमी असल्याचा भास होतो. मोठ्या रकमांसाठी कार्डापेक्षा बँकेतून थेट भरणा घेण्याची अट मी याच कारणासाठी सुचवतो.

ग्राहकाच्या मासिक विवरणात काय काय असावे?

सुरुवातीची शिल्लक, प्रत्येक भरणा, प्रत्येक कपात, उलट नोंदी आणि अखेरची शिल्लक हे तर हवेच. भरण्यासमोर ग्राहकाच्या बँकेतील व्यवहार क्रमांक आणि कपातीसमोर ऑर्डर व बीजक यांचे क्रमांक द्यावेत, कारण त्यांच्या लेखा विभागाला आपले विवरण त्यांच्या पुस्तकाशी लावायचे असते आणि त्यांच्याकडे आपला अंतर्गत नोंद क्रमांक नसतो. उलट नोंद असेल तर ती कोणत्या नोंदीची आणि कशासाठी हे एका वाक्यात लिहावे. महिनाअखेरीस राखून ठेवलेल्या रकमा शेवटी वेगळ्या दाखवाव्यात. त्या अखेरच्या शिलकेतून वजा केल्या तर पुढच्या महिन्याची सुरुवातीची शिल्लक खातेवहीशी जुळणार नाही.